'उंच माझा झोका' तपासायला द्यायची?

वर्गशिक्षिका: आठवीला रमाबाई आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावरच्या 'उंच माझा झोका' मालिकेवर उपक्रम देतेय. गटाने एका भागातल्या पाच गोष्टी निवडायच्या आणि खऱ्या की रचलेल्या, ते दोन ठिकाणी तपासून लिहायचं. आवडती मालिका म्हटलं की मुलं रमतील. कसं वाटतं?

सदाशिवपेठी: आवडती कुणाची? मालिका 2013 ला संपली, तेव्हा ही मुलं रांगत होती. तुमची आवड मुलांच्या माथी मारू नका.

दोन मुलांची आई: उपक्रम म्हणजे रात्री अकराला मीच कार्डशीट कापत बसणार. मागच्या वर्षी किल्ला केला, बुरूज माझा, मार्क लेकाला!

जुना मास्तर: बाई, कार्डशीटचा इथे काय संबंध? घोळ त्या 'दोन ठिकाणी'त आहे. माझ्या वर्गाने लिहून आणलं, लग्नात रमाबाई अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती बत्तीसचे. आधार तीन संकेतस्थळं. उघडली तर तिन्हीकडे तेच वाक्य, अनुस्वारही त्याच शब्दावरचा गाळलेला. म्हणजे आधार एकच! मग फळ्यावर वजाबाकी केली. तिचा जन्म जानेवारी 1862, त्यांचा जानेवारी 1842, लग्न 1873. ती अकरा पूर्ण, ते एकतीस पूर्ण. बत्तिसावं चालू होतं, ते कुणीतरी बत्तीस करून टाकलं. हे मुलांनी स्वतः पकडलं, तेव्हा तास संपल्याची घंटाही कुणाला ऐकू गेली नाही.

सदाशिवपेठी: एवढा उपद्व्याप कशाला? रमाबाईंनी स्वतः आठवणी लिहिल्यात. ते पुस्तक उघडा, विषय संपला.

जुना मास्तर: संपतोय कसला! पुस्तक 1910 चं, लग्नाला सदतीस वर्षं झालेली, न्यायमूर्ती जाऊन नऊ. वडिलांनी मुलाला लग्नाला कसं राजी केलं, ते बोलणं झालं तेव्हा ही मुलगी त्या घरात आलीच नव्हती. तिने ते मागाहून ऐकलेलं.

सदाशिवपेठी: म्हणजे रमाबाई खोटं लिहितात? कमाल आहे! आमच्या आजीने ते पुस्तक पाठ केलं होतं.

जुना मास्तर: खोटं कोण म्हणतंय? शिकताना घरातल्या बायकांचे टोमणे सोसले, ते तिच्याच अंगावरचं, त्यात तिचा शब्द शेवटचा. ऐकीव भागाला तेवढं वजन देता येत नाही. तुमच्या आजीने पाठ केल्याने ते वाढत नाही.

सदाशिवपेठी: बरं, वजनकाटा तुमच्याकडेच ठेवा. ऐकीव भाग वेगळा, एवढं मान्य. आजीला मध्ये आणायचं नाही.

वर्गशिक्षिका: तक्त्यात 'कुणी स्वतः पाहिलं?' असा रकाना घालते. पण नवराबायकोच्या खोलीतले संवाद? आठवणींतही नसतील तर 'रचलेलं' लिहायचं का?

जुना मास्तर: 'आधार सापडला नाही' लिहा. सापडला नाही म्हणजे घडलंच नाही, असं नव्हे.

वर्गशिक्षिका: मग पाचही गोष्टींपुढे तेच लिहून आणणाऱ्या गटाला मार्क किती?

दोन मुलांची आई: आणि तो तक्ता कार्डशीटवर की वहीत, ते आधी सांगा.