ग्रुपवर आलेली पत्रिका उघडू नका: .apk फाईल आहे

सुनीता, बी-३०२: कुलकर्णीकाकांच्या नंबरवरून ग्रुपवर `Lagna Patrika.apk` आली आहे. कोणाचं लग्न आहे?

नितीन, ए-१०४: ताई, उघडू नका. पत्रिका फोटो, पीडीएफ किंवा व्हिडिओ असते. नावाच्या शेवटी `.apk` असेल तर ते अँड्रॉइडवर चालणारं अख्खं ॲप असतं. काकांचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेलेलं दिसतंय. ॲडमिन, मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा आणि तो नंबर तूर्त ग्रुपमधून काढा. मी काकांच्या घरी जातो.

सुनीता, बी-३०२: माझ्याकडे आपोआप डाउनलोड झाली.

नितीन, ए-१०४: नुसत्या डाउनलोडने काही होत नाही, फाईल पुसून टाका. इन्स्टॉल केलं तर धोका. तेव्हा फोन स्वतःच अडवतो आणि `Allow from this source` चालू करायला सांगतो. तिथेच मागे फिरायचं.

मेघना, सी-२०१: सासऱ्यांनी इन्स्टॉल केलं, एसएमएसची परवानगीही दिली. पत्रिका काही उघडली नाही आणि आता आयकॉनही दिसत नाही!

नितीन, ए-१०४: एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद करा. ओटीपी एसएमएसनेच येतात. ते ॲप ते वाचून परस्पर पुढे पाठवतं. त्याच ओटीपीने व्हॉट्सॲप जातं आणि खात्यातले पैसेही. इंटरनेट तुटलं की हे बहुतेक थांबतं.

मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्डं बंद करा. पासवर्ड त्या फोनवरून बदलू नका, नवा पासवर्डही चोरांना दिसू शकतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

मेघना, सी-२०१: बँकेला फोन झाला, पैसे शाबूत आहेत. आता सिमचं काय?

नितीन, ए-१०४: सिम काढून चांगल्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी तिकडे येतील. त्यावरून `##002#` डायल करा. कॉल कुठे वळवले असतील तर ते रद्द होतं. ओटीपी फोन कॉलवरही ऐकवतात ना. त्याच फोनवर बाबांच्या नंबरने व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करा, दुसरीकडे उघडलेलं बंद पडतं. पिन मागितला आणि तो चोरांनी लावलेला असेल तर ७ दिवस थांबावं लागतं, पण तोवर चोरांनाही ते वापरता येत नाही.

प्रशांत, डी-४०३: आयकॉन नसेल तर ॲप काढायचं कसं?

नितीन, ए-१०४: `Settings` मधल्या `Apps` च्या पूर्ण यादीत बघा. तिथे ते बहुधा सापडतं, कधी बिननावाचं, कधी एखाद्या सिस्टिम ॲपसारख्या नावाचं. `Uninstall` फिकट दिसलं, तर ॲपने ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. सेटिंग्जच्या सर्चमध्ये `Device admin` टाका, त्या ॲपसमोरचं बटण बंद करा, मग ते निघेल. तरी माझं मत फॅक्टरी रिसेटच करा, कारण पहिल्या ॲपने दुसरं गुपचूप टाकलेलं असू शकतं.

मेघना, सी-२०१: रिसेटने फोटो जातील ना?

नितीन, ए-१०४: हो. आधी केबलने कॉम्प्युटरवर घ्या, फक्त फोटो आणि व्हिडिओ. ॲप्स बॅकअपमधून परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक नव्याने घ्या.