अक्कलदाढेचा मुहूर्त

>> "सिगरेट सोडा म्हणून कॅन्सरचं नाव काढलं की विशीतली पोरं हसतात. सुरकुत्या, केस, दात यातलं काय सांगितलं तर ऐकतील?"

सुरकुत्या चाळिशीच्या गोष्टी, त्या आज कोण मनावर घेतो? केसांचं ठामपणे सांगू नका. घरात टक्कल असेल तर सिगरेट सोडूनही ते चुकेलच असं नाही. माझं मत, अक्कलदाढ काढायची वेळ गाठा.

माझा मावसभाऊ कोथरूडला रूमवर राहतो. दाढ काढल्यावर दुसऱ्याच दिवशी टपरीवर चहा-सिगरेट. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत ठणका, तोंडाला घाण वास. डॉक्टरांनी दाखवलं: खड्ड्यात रक्ताची गुठळी नाही, हाड उघडं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरावी लागली, तीही पुन्हा बदलावी लागली.

ती गुठळी म्हणजे जखमेवरचं झाकण. झुरका ओढताना ती निसटू शकते. शिवाय निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून जखम रेंगाळते. चेहऱ्याच्या कातडीलाही हाच उपासमारीचा मार बसतो, फक्त तो दिसायला वर्षं लागतात.

तेव्हा दाढ काढायची तारीख ठरली की आधीच बंद करायला सांगा, निदान नंतरचे तीन-चार दिवस तरी अजिबात नको. व्हेपही नको, त्यातही ओढणं आहेच आणि बहुतेकांत निकोटिनही. दातांवरचे डाग स्केलिंगने बरेचसे निघतात, पण ते जखम भरल्यावर करा. सिगरेट चालू राहिली तर डाग परत येतातच, पैसे पाण्यात.