गटाचं सेंद्रिय सर्टिफिकेशन: बजेटमध्ये फी सोडून काय काय धरायचं? मदत हवी आहे

रानवाट:
नमस्कार मंडळी. आमचा १२० शेतकऱ्यांचा गट आहे, सगळे लहान शेतकरी, आणि माल घेणाऱ्याने स्पष्ट सांगितलंय की थर्ड पार्टी सर्टिफिकेट असेल तरच सेंद्रिय म्हणून घेणार. एकेकट्याला ते परवडत नाही म्हणून ग्रुप सर्टिफिकेशन करायचं ठरलंय. सर्टिफिकेशन बॉडीचं कोटेशन आलंय, त्यात नोंदणी, इन्स्पेक्टरचे दिवस, त्याचा प्रवास आणि सर्टिफिकेट असं सगळं मिळून एक आकडा आहे. कमिटीतले बरेच जण म्हणतात की हा आकडा भागिले १२० केला की झालं बजेट. मला हे अजिबात पटत नाहीये, कारण ट्रेनिंग कोण देणार, नोंदी कोण ठेवणार, आतली तपासणी कोण करणार याचा एक रुपयाही त्यात धरलेला नाही. पण पुढच्या मीटिंगला नुसतं "पटत नाही" म्हणून चालणार नाही, कागदावर मांडून दाखवायला पाहिजे. दर सगळीकडे वेगळे असतात त्यामुळे रक्कम सांगू नका, किती दिवस आणि किती माणसं लागतात तेवढं सांगा, दर मी लावून घेतो.

मोकळं_शिवार:
एवढा खटाटोप कशाला, पीजीएस करा ना. शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, बाहेरच्या इन्स्पेक्टरची फी नाही, कागदपत्रंही कमी. आमच्याकडे तेच चाललंय, छान चाललंय.

रानवाट:
दादा पीजीएस चांगलं आहे पण आमचा घेणारा माल बाहेर पाठवतो, त्याला ते चालत नाही. थर्ड पार्टीच पाहिजे.

हिशेबनीस:
मी एका गटाच्या आयसीएसचं, म्हणजे आतल्या कंट्रोल सिस्टीमचं, ऑफिस बरीच वर्षं सांभाळलंय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मीटिंगमध्ये नीट सांगा. बाहेरचा इन्स्पेक्टर तुमच्या १२० जणांकडे जाणारच नाहीये. तो मोजक्या शेतांवर जातो आणि तुमची आतली कंट्रोल सिस्टीम बरोबर काम करते का ते बघतो. सगळ्या १२० शेतांची वर्षातून निदान एकदा तपासणी करायची ती गटाने, स्वतःच्या माणसांकडून. म्हणजे कोटेशनमध्ये जे आहे ते तपासणाऱ्यावरच्या तपासणीचे पैसे, मूळ तपासणीचा खर्च त्यात नाही.

बाहेरचा किती शेतं बघणार हे बाजारावर ठरतं. युरोपच्या २०१८/८४८ नियमाखाली सभासदांच्या ५ टक्के पण १० पेक्षा कमी नाही, म्हणजे तुमच्याकडे ५ टक्क्यांनी ६ येतात तरी १० धरायची. अमेरिकेचा जो नवा नियम मार्च २०२४ पासून लागू झालाय त्यात सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या १.४ पट किंवा २ टक्के, यातलं जे जास्त ते. १२० चं वर्गमूळ साधारण ११, त्याची १.४ पट केली की १६ शेतं. शिवाय जास्त जोखमीचे सभासद असतील तर तेही बघावे लागतात. गट तोच, पण एका बाजारासाठी १० आणि दुसऱ्यासाठी १६, दोन्ही हवे असतील तर कोटेशन बदलणार. त्यामुळे घेणाऱ्याला आधी विचारा की माल नक्की कुठल्या देशात जातो, आणि मगच कोटेशनवर सही करा.

आता आतला हिशेब. आतला तपासनीस दिवसाला चार शेतं नीट करतो, त्यात बांध फिरणं, शेजारी काय फवारतो ते बघणं, गोदाम आणि खताची जागा बघणं, डायरी तपासणं, फॉर्म भरणं आणि चालत जाण्यायेण्याचा वेळ आला. कुणी दिवसाला दहा केली असं सांगितलं तर समजा घरी बसून भरलीत. १२० भागिले ४ म्हणजे ३० दिवस. ज्यांच्याकडे काहीतरी सापडेल त्यांच्याकडे परत जावं लागतं, पहिल्या वर्षी त्याला ६ दिवस ठेवा. प्रत्येक फाइल ऑफिसात वाचून मंजूर करायला ४० मिनिटं जातात, त्याचे १२ दिवस. आणि तपासनीस स्वतःचं किंवा नातेवाइकांचं शेत तपासू शकत नाही, म्हणून माणसं निदान तीन तरी तयार करा, एकाच्या भरवशावर राहिलात तर अडकाल.

काळीमाती:
ट्रेनिंगचं मी सांगतो. एक मोठा हॉल घ्यायचा, १२० जण बोलवायचे, दिवसभर एक्स्पर्ट बोलवायचा, जेवण द्यायचं, झालं ट्रेनिंग, हजेरीचा कागद फाइलला लागतो तो मिळतो. आणि नोंदींसाठी अ‍ॅप घ्या, सगळे मोबाइलवर भरतील, रेकॉर्ड कीपिंगचा खर्च जवळपास शून्य.

हिशेबनीस:
काळीमाती दादा, हजेरीचा कागद लागतो हे खरं आहे, पण इन्स्पेक्टर शेतात उभा राहून शेतकऱ्याला विचारतो की बियाणं कुठून घेतलं, त्याला औषध लावलेलं होतं का, फवारणीचा पंप कुणाकडून आणला. हॉलमध्ये १२० जणांत मागे बसलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. आम्ही २०-२५ जणांच्या बॅचेस करायचो आणि हंगामात तीन वेळा. पेरणीच्या आधी बियाणं आणि इनपुट. पीक उभं असताना कीड आणि शेजारच्या फवारणीचा वारा. तोडणीच्या आधी पोती, साठवण आणि माल मिसळू न देणं. पाच बॅचेस गुणिले तीन, १५ दिवस. तपासनीसांचं ट्रेनिंग वेगळं असतं, त्यांना नियम शिकवून दोन-चार शेतांवर बरोबर नेऊन फॉर्म भरायला लावायचा, त्याचे ४ दिवस अजून धरा.

अ‍ॅपबद्दल. अ‍ॅप चांगलं आहे, गटाची यादी, नकाशे, अंदाजित उत्पन्न सगळं एका जागी राहतं. पण अ‍ॅप स्वतःहून काही भरत नाही. खर्च सॉफ्टवेअरचा नसतो, खर्च असतो तो कुणीतरी १२० जणांच्या मागे लागून नोंद वेळेवर करून घेण्याचा. सहा वस्त्या असतील तर हंगामाच्या आठ महिन्यांत दर पंधरा दिवसांनी प्रत्येक वस्तीत अर्धा दिवस बसायचं, डायऱ्या बघायच्या, बिलं आणि इनपुटच्या पिशव्यांवरच्या लेबलचे फोटो घ्यायचे. ६ वस्त्या, १६ फेऱ्या, अर्धा अर्धा दिवस, म्हणजे ४८ दिवस. तुमच्या बजेटमधली सगळ्यात मोठी ओळ हीच आहे आणि तीच कुणी लिहीत नाही.

ही ओळ कापली तर काय होतं ते सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या डायऱ्या एकाच पेनने, एकाच अक्षरात, एका बैठकीत भरल्या जातात. इन्स्पेक्टरला ते पहिल्या दोन पानांत कळतं. त्याहून वाईट म्हणजे आकडे जुळत नाहीत. एखाद्याच्या दोन एकराचा अंदाज २० पोत्यांचा असतो आणि गटाच्या खरेदी रजिस्टरला त्याच्या नावावर २८ पोती दिसतात. ती आठ पोती शेजाऱ्याची असतील, भावाची असतील, किंवा अंदाज लिहिणाऱ्याने कमी लिहिला असेल, पण उत्तर कागदावर नसेल तर तो त्या एका शेतकऱ्याचा प्रश्न राहत नाही. सर्टिफिकेट गटाचं एकच असतं, आतल्या सिस्टीमने हे पकडलं नाही म्हटल्यावर सगळ्या १२० जणांचा माल थांबू शकतो.

रानवाट:
ताई हे फार मोलाचं लिहिलंत. मी बेरीज केली, तपासणी ३०, परत फेऱ्या ६, फाइली १२, ट्रेनिंग १५ आणि ४, नोंदी ४८, मिळून ११५ दिवस. बाहेरच्या इन्स्पेक्टरचे कोटेशनमध्ये प्रवास आणि रिपोर्ट धरून ७ दिवस आहेत. म्हणजे त्यांचा एक दिवस आमच्या आठ दिवसांइतका महाग धरला तरी ते ५६ होतात, आमचा आतला खर्च जवळपास दुप्पट निघतो. कमिटीला हाच आकडा दाखवतो.

फळबाग_मी:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझी एकटीची फळबाग आहे, रासायनिक बंद करून एक वर्ष झालं. आत्ता अर्ज केला तर लगेच सेंद्रिय म्हणून विकता येईल का? आणि मलाही ११५ दिवस धरायचे का?

हिशेबनीस:
नाही ताई, ११५ दिवस गटाचे आहेत, एकट्या शेतकऱ्याला आतली सिस्टीम लागत नाही, बाहेरचा इन्स्पेक्टर थेट तुमच्याकडे येतो. पण लगेच विकता येणार नाही. युरोपच्या नियमात हंगामी पिकांना पेरणीच्या आधी दोन वर्षं आणि फळझाडांना पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी तीन वर्षं संक्रमणाची लागतात. अमेरिकेत कुठलंही पीक असो, तोडणीच्या आधीचे ३६ महिने बंदी असलेलं काही पडलेलं नको. मागचं वर्ष धरलं जाईल का ते तुमच्याकडच्या पुराव्यावर आहे, बॉडीला अर्जाच्या आधीच लेखी विचारा.

आणि रानवाट, हे तुमच्या बजेटलाही लागू आहे. संक्रमणात तपासणी, नोंदी, ट्रेनिंग सगळं दरवर्षी होणार पण माल सेंद्रियच्या भावाने जाणार नाही. त्यामुळे एका वर्षाचं बजेट मांडू नका, पहिला चांगला भाव हातात पडेपर्यंतच्या सगळ्या वर्षांचं मांडा. त्यात अजून दोन गोष्टी घाला. एक म्हणजे लॅब टेस्ट, युरोपसाठी दरवर्षी निदान २ टक्के सभासदांचे नमुने घेतात, तुमचे ३ होतात, ते कोटेशनमध्ये आहेत का बघा कारण बऱ्याचदा "प्रत्यक्षात येईल तसं" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे गटाची कायदेशीर नोंदणी, युरोपला गट स्वतः कायदेशीर संस्था असावा लागतो.

मोकळं_शिवार:
बरं पीजीएसचं राहू द्या, पण मग हे पैसे वाटून कसे घ्यायचे? माझ्या मते सरळ माणशी सारखे. हिशेब सोपा, भांडण नाही.

काळीमाती:
सारखे कसे? एक एकरवाला आणि पाच एकरवाला सारखाच भरणार? विक्रीच्या वेळी पोत्यामागे कापा, ज्याचा माल जास्त तो जास्त देईल.

रानवाट:
पोत्यामागे कापायला मलाही बरं वाटतं, पण संक्रमणाच्या वर्षांत गटामार्फत विक्रीच झाली नाही तर कापणार कशातून? आणि कुणी जास्त भाव मिळाला म्हणून माल बाहेरच विकला तर त्याचा वाटा कोण भरणार?

हिशेबनीस:
आम्ही सुरुवातीला माणशी सारखी ठेव घेतली आणि विक्री सुरू झाल्यावर वजनावर कापलं. तरी बाहेर विकणाऱ्यांचा प्रश्न आमच्याकडेही पूर्ण सुटला नाही. एक नियम मात्र पहिल्याच मीटिंगला लेखी करून घ्या. एखाद्याच्या चुकीमुळे जादा तपासणी किंवा जादा टेस्ट लागली तर ती त्याच्या खात्यावर, आणि ऑफिसच्या चुकीमुळे लागली तर गटाच्या खात्यावर. प्रकरण घडल्यावर हे ठरवायला बसलात तर कुणीच कुणाचं ऐकत नाही.

रानवाट:
हा नियम घालतोच. शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा येऊन नमुना फेल गेला तर तो कुणाच्या खात्यावर धरायचा, यावर तुमच्यापैकी कुणाच्या गटात काही ठरलेलं असेल तर लिहा, आमच्याकडे निम्म्या लोकांचे बांध रासायनिक शेताला लागून आहेत आणि मीटिंगला पहिला प्रश्न हाच येणार.