विषय: चतुर्थीचा जमाखर्च फेसबुकवर कसा मांडावा?

सचिव, फोंडा
सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आमच्या सार्वजनिक गणेशोत्सवाची एकूण जमा, खर्च आणि शिल्लक आम्ही मंडळाच्या पानावर टाकली, तरीही वाड्यावरची कुजबुज थांबली नाही. यंदा काय वेगळे करावे?

माजी खजिनदार, म्हापसा
एकूण आकडा ताडून पाहण्याची सोय वाचणाऱ्याजवळ नसते, म्हणून तो कितीही खरा असला तरी पटत नाही. ज्याच्या हाती पावती आहे, त्याला तिचा क्रमांक आणि रक्कम यादीत सापडली पाहिजे. आम्ही ५० पानांची १२ पावतीपुस्तके छापली होती. त्या ६०० पावत्यांपैकी ५७१ फाडल्या, ४ रद्द झाल्या आणि २५ कोऱ्या उरल्या, हे तिन्ही आकडे दिले. परत न आलेल्या पुस्तकाचा हिशेब कोणीच मागत नाही, आणि संशय नेमका तिथेच धरतो.

आमची चूकही सांगतो. पहिल्या वर्षी पावत्यांप्रमाणे रोख १,१८,४०० रुपये जमले, पण पासबुकात १,०६,४०० दिसत होते. मधले १२,००० माटोळीच्या सामानासाठी आणि मंडपवाल्याच्या आगाऊ रकमेसाठी परस्पर दिले गेले होते. एका तरुणाने ही तफावत पानावर विचारली आणि उत्तर द्यायला आम्हांला चार दिवस लागले, कारण माटोळीच्या बाजारात बिल मिळत नाही. तेव्हापासून सगळी रोकड आधी बँकेत भरतो, मग खर्चापुरती काढतो, आणि जिथे बिल नाही तिथे पैसे घेणाऱ्याच्या सहीचे व्हाउचर ठेवतो.

सभासद, वास्को
एवढा खटाटोप कशाला? बँकेचे स्टेटमेंटच जसेच्या तसे टाकावे.

माजी खजिनदार, म्हापसा
स्टेटमेंट हवेच, पण त्यात देणगीदारांची नावे आणि यूपीआय आयडीमधले मोबाइल क्रमांक असतात; ते झाकल्याशिवाय टाकू नये. शिवाय बँकेत न पोहोचलेली रोकड स्टेटमेंटमध्ये दिसतच नाही.

सभासद, लिस्बन
माझ्या १०,००० रुपयांचे काय झाले? भावाच्या खात्यातून पाठवले होते, यादीत मात्र माझे नाव नाही.

माजी खजिनदार, म्हापसा
भाऊ, ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्या नावे पावती फाटते. आपल्या भावाकडचा क्रमांक पाहावा. पण आपण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असल्यास पुढल्या वेळी आधी कळवा. परदेशी नागरिकाची देणगी रुपयांत आली तरी एफसीआरए कायद्याने ती विदेशी ठरते, आणि त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला ती घेता येत नाही.

सचिव, फोंडा
पावतीपुस्तकांचे पटले. पण रकमेपुढे नाव लिहावे का? ५१ रुपये देणाऱ्या आजींना संकोच वाटेल, याची मला काळजी आहे.

माजी खजिनदार, म्हापसा
आम्ही फक्त क्रमांक आणि रक्कम देतो.

सभासद, वास्को
मला हे मान्य नाही. नाव नसेल तर खोटी पावती ओळखणार कोण? आमच्याकडे नावे राहतील.