अनुभव धागा: मैत्रिणीला नवी नोकरी लागली, अभिनंदनाच्या मेसेजमध्ये आणखी काय लिहाल?

रानजाई
काल मैत्रिणीचा मेसेज आला, "१ ऑक्टोबरला रुजू झाले, टीम लीड म्हणून!" वाचून इतका आनंद झाला, आणि लगेच तिच्या मागच्या नोकरीबदलानंतरची जुलैमधली धावपळ आठवली. म्हणून तिला जे लिहिलं ते इथेही देते. तुमच्याकडे भर घालण्यासारखं असेल तर घाला, तिला हाच धागा पाठवणार आहे.

"अगं अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन! दसऱ्याच्या आदल्या दिवशी रुजू झालीस, याहून चांगला मुहूर्त कुठला? सोनं द्यायला घरी येतेच आहे, पेढे तयार ठेव. आता या गडबडीत एकच काम विसरू नकोस. एचआर तुला कागदांचा गठ्ठा देईल, त्यात १२बी नावाचा फॉर्म असतो. एप्रिल ते सप्टेंबरचा जुना पगार त्यात भरून याच महिन्यात दे. नवीन ऑफिसला तुझा जुना पगार माहीतच नसतो. तू सांगितलं नाहीस तर ते टॅक्स कमी कापतील, आणि उरलेला सगळा एकदम जुलैत तुझ्या गळ्यात येईल."

चहाबाज
मैत्रिणीला आमच्याकडूनही अभिनंदन! पेढे सातारचे कंदी असतील तर पत्ता टाका.

हिशेबनीस
चांगला मेसेज आहे. आकड्यांत मांडला की पटकन पटेल, म्हणून एक उदाहरण धरू (आकडे कुणाचे नाहीत, समजायला घेतलेत).

जुना पगार महिना १ लाख, एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे ६ लाख. नवा १ लाख ३० हजार, ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे ७ लाख ८० हजार. नवीन करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६.

जुन्या ऑफिसने एप्रिलमध्येच वर्षाचे १२ लाख धरले. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, राहिले ११ लाख २५ हजार. १२ लाखांपर्यंत पूर्ण सूट मिळते, म्हणून त्यांनी टीडीएस शून्य कापला. नव्या ऑफिसला फक्त ७ लाख ८० हजार दिसतात. त्यांनीही ७५ हजार वजा केले, त्यांचाही टीडीएस शून्य. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर.

आता दोन्ही एकत्र करा. १३ लाख ८० हजार, त्यातून ७५ हजार एकदाच जातात, उरतात १३ लाख ५ हजार. बारा लाखांची रेघ ओलांडली की सूट जाते आणि स्लॅबप्रमाणे टॅक्स बसतो: ४ ते ८ लाखांवर २० हजार, ८ ते १२ लाखांवर ४० हजार, वरच्या १ लाख ५ हजारांवर १५ टक्क्यांनी १५,७५०. बेरीज ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस धरून ७८,७८०. रिटर्न भरताना हे एका दिवसात भरायचे. वेळेवर १२बी दिला असता तर हेच सहा पगारांत महिना १३,१३० गेले असते.

ठाणेलोकल
१२बी सक्तीचा नाहीये हो. नाही दिला तर जुलैमध्ये स्वतः भरायचं, तेवढे महिने पैसे आपल्याच खात्यात राहतात. उगाच नव्या ऑफिसला जुना पगार कशाला दाखवायचा?

हिशेबनीस
@ठाणेलोकल सक्तीचा नाही हे खरं, पण जुलैपर्यंत थांबणं फुकट पडत नाही. टीडीएस वजा जाता १० हजारांवर टॅक्स निघत असेल तर तो अॅडव्हान्स टॅक्स म्हणून वर्षातच भरायचा असतो. वरच्या उदाहरणात काहीच न भरता जुलैत रिटर्न भरला तर २३४बी आणि २३४सी मिळून व्याज सात हजारांच्या आसपास जातं. १२बी द्यायचा नसेल तर निदान १५ डिसेंबर आणि १५ मार्चचे हप्ते स्वतः भरा. पगार लपवायचं कारण मात्र फारसं टिकत नाही, जुन्या पगाराच्या स्लिपा त्यांनी मुलाखतीनंतर मागितलेल्याच असतात.

ठाणेलोकल
मार्चच्या हप्त्याचं माहीत होतं, डिसेंबरचं नव्हतं. मग १२बी बरा.

सुगरण_नाही
फॉर्म १६ जूनमध्ये मिळतो ना? मग ऑक्टोबरमध्ये १२बी कशावरून भरायचा? कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहितेय, आधी कुणी सांगितलं असेल तर सॉरी.

हिशेबनीस
जुन्या ऑफिसच्या शेवटच्या स्लिपवरून. बहुतेक स्लिपांवर एप्रिलपासूनची बेरीज वेगळ्या रकान्यात असते, तीच घ्यायची. पण फुल अँड फायनलचे पैसे महिना-दीड महिन्याने येतात, शिल्लक रजेचे वगैरे. ते आले की १२बीतला आकडा जुना होतो. तेव्हा एचआरला सुधारित आकडा कळवावा लागतो आणि नेमकं हेच राहून जातं.

तपासायचं असेल तर ऑक्टोबरच्या स्लिपसोबत टॅक्सचं अंदाजपत्रक मिळतं ते उघडा. 'आधीच्या मालकाकडील उत्पन्न' अशा अर्थाची ओळ असते. तिथे शून्य दिसलं तर फॉर्म कुणाच्या तरी टेबलावरच पडलाय.

दप्तरी
रानजाई, मैत्रिणीला शुभेच्छा. पीएफचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

रुजू होताना फॉर्म ११ भरतात, त्यात जुना यूएएन द्यायचाच. नाही दिला तर कधीकधी दुसरा यूएएन तयार होतो, आणि मग दोन नंबर एक करायला महिने जातात. यूएएन एकच राहिला तरी पैसे जुन्या मेंबर आयडीत असतात, ते नव्यात आणावे लागतात. पोर्टलवर Online Services मध्ये One Member – One EPF Account (Transfer Request) आहे, तिथून अर्ज करायचा.

हा अर्ज बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर अडतो. जुन्या ऑफिसने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. View मध्ये Service History उघडा. जुन्या कंपनीपुढे तारखेची जागा रिकामी असेल तर आधी ती भरून घ्या. ऑफिस दाद देत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी Manage मधल्या Mark Exit मधून आपली आपल्याला भरता येते. म्हणजे सप्टेंबरची शेवटची वर्गणी असेल तर डिसेंबरात बघायचं. तारीख मात्र रिलीव्हिंग लेटरवरचीच टाका. ती चुकली तर दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

भाऊराया
सरळ काढून घ्या की जुना पीएफ. हातात पैसे आलेले बरे, सोन्याचे भाव बघताय ना?

दप्तरी
नवी नोकरी चालू असताना जुन्या खात्यातला पूर्ण पीएफ काढता येत नाही, तो बेरोजगारीसाठीचा मार्ग आहे. शिवाय एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असेल तर काढलेल्या रकमेवर टॅक्स लागतो. खातं वर्ग केलं तर आधीच्या नोकरीची वर्षंही त्या पाचांत धरली जातात. घर, आजारपण, लग्न यांसाठी काही भाग काढायची सोय आहे, ती वेगळी.

भाऊराया
अच्छा, पाच वर्षांत आधीची नोकरीही धरतात? मी प्रत्येक कंपनीची वेगळी समजत होतो.

निळी_शाई
बायकांनी नाव आधी बघा!! पीएफला माहेरचं नाव, आधारला सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. यातच अर्ज परत येतो. १ ऑक्टोबर २०१७ पासून पुढचा, आधारशी जोडलेला यूएएन असेल तर बरीचशी दुरुस्ती आपली आपण होते. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते. जुन्या ऑफिसातली माणसं अजून फोन उचलतायत तोवर हे उरकून घ्या.

सुगरण_नाही
हे अगदी खरं. आणि ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं त्याचं काय? बहीण घाबरून गेलीये.

दप्तरी
बहिणीला सांगा, काळजी नको. पेन्शनची रक्कम नव्या पासबुकात येऊन बसत नाही. पेन्शन जमा रकमेवर नाही, सेवेच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते. पुढे सरकते ती सेवा. दहा वर्षं पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क. तिने Service History मध्ये दोन्ही कंपन्यांच्या तारखा नीट आहेत एवढं बघावं.

चाफेकळी
धाकट्या भावाला बढती मिळालीय केंद्र सरकारी कार्यालयात, त्यालाही १२बी द्यावा लागेल का? ऑर्डर पंधरा दिवसांपूर्वी आली. तो म्हणतो काही करायचं नसतं, ऑफिस आपोआप करतं.

दप्तरी
@चाफेकळी भावाचं अभिनंदन! मालक तोच, त्यामुळे १२बी नाही. पण काही करायचं नसतं हे बरोबर नाही. वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून हवी की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, याचा विकल्प एक महिन्याच्या आत लेखी द्यायचा असतो. दिला नाही तर बढतीच्या तारखेपासूनच धरतात.

ऑक्टोबरची बढती आणि त्याची वार्षिक वाढ १ जानेवारीची असेल, तर दुसरा विकल्प बऱ्याचदा फायद्याचा ठरतो. तीन महिने पगार जरा कमी वाढतो, पण जानेवारीत वार्षिक आणि बढतीची अशा दोन वाढी एकत्र धरून पुन्हा निश्चिती होते. वाढ १ जुलैची असेल तर दोन्हीकडून मांडून बघा, तिथे पुढच्या वाढीची तारीखही पुढेमागे होते. त्याचा सध्याचा लेव्हल आणि बेसिक माहीत आहे?

चाफेकळी
विचारून सांगते. म्हणजे हातात पंधराच दिवस आहेत, आत्ताच फोन लावते.

आजोळ
सगळं उपयोगी आहे, पण रानजाई, एक सांगू? अभिनंदनाच्या मेसेजमध्येच टॅक्स नको. आज नुसतं "अभिनंदन, तुझी मेहनत आम्ही बघितलीय" एवढंच जाऊ दे. नोकरी लागल्याचा मेसेज माणूस घरच्यांना वाचून दाखवतो. फॉर्मचं आठवडाभराने वेगळं पाठव, म्हणजे तिला तो शोधताही येईल. आणि ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचार, काहींना जुन्या ऑफिसचा हिशेब मिळेपर्यंत गवगवा नको असतो.

रानजाई
मेसेज तर गेला आजोळ! तिचं उत्तर आलं, "पेढे घेऊन ठेवलेत, १२बी म्हणजे काय ते उद्या समजावून सांग." आता नुसत्या अभिनंदनाचा एक वेगळा पाठवते, तिच्या आईला वाचून दाखवता येईल असा.

निळी_शाई
आईबाबांच्या मेडिक्लेमचंही तिला सांग गं. जुन्या कंपनीचा ग्रुप विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. नवीन कंपनीत त्यांची नावं घालायला सुरुवातीचे थोडेच दिवस देतात. ती मुदत गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

रानजाई
हे नव्हतं लक्षात. तिच्या बाबांची शुगरची औषधं चालू आहेत, आत्ताच कळवते.

हिशेबनीस
एचआरला अजून एक विचारायला सांगा. सुधारित १२बी ते कुठल्या महिन्यापर्यंत घेतात? काही ठिकाणी जानेवारीत खिडकी बंद होते, काही ठिकाणी मार्चच्या पगारापर्यंत चालतं. इथे कुणाच्या ऑफिसात काय आहे?

ठाणेलोकल
आमच्याकडे १५ जानेवारी.

चाफेकळी
@दप्तरी भावाशी बोलले, त्याची वाढ जुलैची आहे. लेव्हल ६, बेसिक स्लिप बघून सांगतो म्हणाला.

चहाबाज
पेढ्यांचा पत्ता राहिलाच की.