पत्र्याच्या घरात मांजराला धाप लागते तेव्हा

"निपाणीत पत्र्याचं घर आहे. दुपारी बोका तोंड उघडून धापा टाकतो, पाण्याला तोंड लावत नाही. काय करू?"

कुत्रं धापा टाकतं ते नेहमीचं, पण मांजरानं उन्हाच्या वेळी तसं केलं तर उष्माघात समजूनच हालचाल करा. आमची मनी माळ्यावर अशीच सापडली, लाळ गळत होती. तिला खाली गार फरशीवर आणलं, पोट आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवले, पंखा लावला. बर्फ लावू नका, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. तोंडात पाणीही ओतू नका, ठसका लागतो. सावरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाची इजा उशिरा कळते. एरवी पाणी पसरट मातीच्या भांड्यात, जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवा. मनी तिथंच प्यायला लागली.