मदत हवी आहे: डब्यातला टूना आठवड्यातून पाच दिवस खातोय, पाऱ्याचं काय?

कर्वेनगरकर: वय ३१, वजन ६२ किलो. जिम लावल्यापासून, म्हणजे आठेक महिने, सोमवार ते शुक्रवार रोज दुपारी टूनाचा एक डबा खातो. १८५ ग्रॅमचा डबा, पाणी काढल्यावर मासा १३० ग्रॅम. कांदा, लिंबू, मिरपूड घातली की पाच मिनिटांत जेवण तयार. परवा सासरेबुवा म्हणाले, "अहो, त्यात पारा असतो." डब्यावर तर 'लाइट' लिहिलंय. आम्ही दोघं बाळाचा विचार करतोय आणि बायकोही अधूनमधून माझ्यातलंच खाते. बंद करू का?

देवगडची_सून: डबे कशाला आणता? गणेश पेठेत जा, ताजा बांगडा घ्या. कुपा, म्हणजे टूनाच, आमच्याकडे तिखलं करून कधीमधी खायचे, रोज नाही.

प्रोटीनवाला: सोपं आहे. पाणी पूर्ण ओतून टाका, मासा धुऊन घ्या, पारा निघून जातो. मी दोन वर्षं असंच करतोय.

अन्नपरीक्षक: धुतल्याने मीठ कमी होईल, पारा नाही. माशातला पारा मिथाइल रूपात असतो आणि मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. तो पाण्यात, तेलात उतरत नाही, शिजवूनही जात नाही. मी प्रयोगशाळेत मासेच तपासत असे, म्हणून खात्रीने सांगतो.

कर्वेनगरकर, 'लाइट'चा कॅलरीशी संबंध नाही. तो मांसाचा रंग आहे. अशा डब्यात बहुतेकदा स्किपजॅक असतो. तो लहान आणि थोडं जगणारा मासा, म्हणून त्याच्यात पारा कमी साठतो. 'व्हाइट' म्हणजे अल्बाकोर. अमेरिकेच्या एफडीएच्या तपासण्यांत लाइट डब्यांची सरासरी किलोला ०.१२६ मिलिग्रॅम आली, अल्बाकोरची ०.३५.

आता तुमचा हिशोब. लाइटच्या १३० ग्रॅममध्ये साधारण १६ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाच डब्यांत ८२. तुमच्या वजनाला युरोपची आठवड्याची मर्यादा ८१ येते, अमेरिकेच्या ईपीएची ४३. एकीच्या काठावर आहात आणि दुसरीच्या जवळजवळ दुप्पट.

कर्वेनगरकर: मग खरी मर्यादा कोणती? दुपटीचा फरक कसा काय?

अन्नपरीक्षक: दोन्हींचा पाया गर्भातल्या बाळाच्या मेंदूवरचा परिणाम हाच आहे. ईपीएने त्यावर दहापट सुरक्षितता ठेवली, युरोपने तेवढी नाही. त्यामुळे ४३ ओलांडले की माणूस आजारी पडतो असं नाही. तुमच्यासाठी तीन डब्यांवर या, घाबरू नका. वहिनींचं मात्र वेगळं. वजन ५४ धरलं तर ३८ मायक्रोग्रॅम, म्हणजे लाइटचे दोन डबे. अल्बाकोर असेल तर एका डब्यातच ४५ होतात. आणि हे आत्तापासूनच पाळा, कारण रक्तातला हा पारा निम्मा व्हायला साधारण ५० दिवस लागतात. दिवस राहिल्यावर बंद करून उशीर होतो.

प्रोटीनवाला: पण टूनात सेलेनियम असतं ना? ते पाऱ्याला निष्प्रभ करतं.

अन्नपरीक्षक: त्यावर अभ्यास चालू आहेत, मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण त्याच्या भरवशावर कुठल्या संस्थेने मर्यादा सैल केलेली नाही.

शनिवारपेठी: लहानपणी थर्मामीटर फुटून पारा फरशीवर गोळ्या-गोळ्या होऊन पळाला होता, आम्ही तो हाताने गोळा केला. काही झालं नाही! उगाच बाऊ करतात.

अन्नपरीक्षक: काका, तो वेगळा पारा. द्रवरूपातला पोटात गेला तरी फारसा शोषला जात नाही, त्याची वाफ वाईट. माशातला मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो.

मीरा_औंध: मीही पूर्वी खूप टूना खायचे. भीती वाटली म्हणून लघवीची पाऱ्याची तपासणी केली. नॉर्मल आली, मग निर्धास्त झाले. पैसे मात्र चांगलेच गेले.

अन्नपरीक्षक: चुकीची तपासणी झाली हो. माशातला पारा मुख्यतः शौचावाटे जातो, लघवीत फारसा दिसत नाही. रक्ताची करायला हवी होती, आणि तीही गेल्या काही महिन्यांचंच सांगते.

कर्वेनगरकर: घरचे डबे काढून बारीक अक्षरं वाचली. सहा डब्यांवर स्किपजॅक आहे. सवलतीत घेतलेल्या नऊ डब्यांवर नुसतं 'टूना चंक्स', माशाचं नावच नाही. त्यांचं काय करू?

अन्नपरीक्षक: जात माहीत नसेल तर यलोफिन समजून चाला. त्याची सरासरीही ०.३५ च्या आसपास आहे. तुम्ही एकटेच खा, आठवड्याला एक. वहिनींना त्यातला नको.

देवगडची_सून: इतका हिशोब ठेवण्यापेक्षा बांगडा बरा. लहान मासा, वर्षा-दोन वर्षांत जाळ्यात येणारा. सुरमई मात्र रोज नको, तीही शिकारी.

प्रोटीनवाला: बांगड्याचे काटे काढत बसायला ऑफिसात वेळ कुणाला आहे?

कर्वेनगरकर: आज बायकोने सहा डबे एका बाजूला ठेवले आणि त्यावर पेनने 'माझे' लिहिलं. नऊ माझ्या वाट्याला. आठवड्याला एक म्हणजे दोन महिने पुरतील. उरलेले दिवस अंडी.